झाकलेली बाजू आणि उघडी बाजू

पुण्यातल्या एका ब्रोकरच्या शाखेत मी बरीच वर्षं डीलर होते. फोनवर ऑर्डर घ्यायची, टर्मिनलवर टाकायची, दर सांगायचा आणि संध्याकाळी मुंबईहून रिस्कवाल्यांचा फोन आला की ज्याचं मार्जिन कमी पडलंय त्याला गोड आवाजात पैसे भरायला सांगायचं, हे माझं काम. सल्ला देणं माझ्या कामात बसत नव्हतं. पण रोज बारा वाजता फोन करणाऱ्या माणसाला तुम्ही नुसता दर सांगून गप्प बसू शकत नाही. तो विचारतोच, ‘तुला काय वाटतं गं?’

असे एक काका होते. निवृत्त इंजिनिअर, वहीत हिशेब लिहिणारे, पेन्सिलीला टोक काढून मगच फोन लावणारे. त्यांच्याकडे पाच-सहा मोठ्या कंपन्यांचे शेअर्स लॉटच्या मापात होते आणि त्यांवर ते दर महिन्याला कॉल विकायचे. शेअर आपल्याकडे आहे, तो ठरावीक भावाच्या वर गेला तर देऊन टाकायची तयारी आहे, आणि त्या तयारीचा प्रीमियम आत्ताच मिळतो. यालाच कव्हर्ड कॉल म्हणतात. दोन वर्षं त्यांनी हे शिस्तीत केलं. शेअर वर गेला की ठरल्याएवढा नफा, जागेवर राहिला की प्रीमियम खिशात, खाली आला की प्रीमियमएवढी उशी. खाली आल्यावर ते काहीच करायचे नाहीत. पुढच्या महिन्याचा कॉल विकायचे, लाभांश आला की वहीत लिहायचे आणि वाट पाहायचे. या वाट पाहण्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नव्हतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये बाजाराचा रंग वाईट होता. एप्रिल ते जून या तिमाहीत विकासदर ५ टक्क्यांवर आल्याचा आकडा ऑगस्टअखेर जाहीर झाला होता, गाड्यांचा खप घसरत होता. १४ सप्टेंबरला सौदी अरेबियातल्या तेलप्रकल्पांवर हल्ला झाला आणि सोमवारी कच्चं तेल भडकलं. १७ तारखेला निफ्टी १८५ अंकांनी पडून १०,८१७ वर बंद झाली. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. ‘मी विचार केलाय,’ ते म्हणाले. ‘वर जाणाऱ्या बाजारात कव्हर्ड कॉल करतो, तर खाली जाणाऱ्या बाजारात त्याचं आरशातलं रूप का नको?’

आरशातलं रूप म्हणजे कव्हर्ड पुट. कव्हर्ड कॉलमध्ये माल घेतलेला असतो आणि त्याच्या वरच्या भावाचा कॉल विकायचा. इथे माल आधी विकायचा, म्हणजे शॉर्ट करायचा, आणि त्याच्या खालच्या भावाचा पुट विकायचा. पुट विकणाऱ्यावर बंधन येतं की भाव त्या पातळीखाली गेला तरी त्याने ठरलेल्या भावाला घ्यायचं. पण ज्याने आधीच विकून ठेवलंय त्याला कधीतरी परत घ्यायचंच असतं. तेव्हा ते घेणं या बंधनातून आपोआप होतं. पुट झाकला गेला, म्हणून तो ‘कव्हर्ड’.

आपल्याकडे एक अडचण आहे. रोख बाजारात शॉर्ट केलेला शेअर त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. नाही घेता आला तर माल देण्यासाठी लिलाव होतो आणि तो भाव आपल्या हातात नसतो. शेअर उसने घेण्याची सोय २००८ पासून आहे, पण आमच्या शाखेत तिचा फॉर्म कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे इथला कव्हर्ड पुट म्हणजे जवळजवळ नेहमीच विकलेलं फ्युचर आणि त्याच महिन्याचा विकलेला पुट. काकांनीही तेच केलं. निफ्टीचा लॉट तेव्हा ७५ चा होता. त्यांनी सप्टेंबरच्या फ्युचरचे दोन लॉट १०,८६० ला विकले आणि १०,७०० च्या पुटचे दोन लॉट ४५ रुपयांना. एक्स्पायरी २६ तारखेची, म्हणजे आठ दिवसांवर.

ऑर्डर टाकून झाल्यावर त्यांनी फोनवरच हिशेब म्हणून दाखवला आणि तो बरोबर होता. एक्स्पायरीला निफ्टी १०,७०० किंवा त्याच्या खाली कुठेही असली तर फ्युचरमध्ये १६० अंक आणि पुटचे ४५ मिळून २०५ अंक. दीडशे नगांवर ३०,७५०. निफ्टी १०,३०० ला गेली तरी तेवढेच, कारण १०,७०० च्या खाली फ्युचरमध्ये जेवढं मिळेल तेवढं पुटमध्ये जाईल. निफ्टी जागच्या जागी राहिली तर पुट शून्य होईल आणि ४५ रुपये राहतील. वर गेली तर ४५ अंकांपर्यंत उशी, म्हणजे १०,९०५ ला ना नफा ना तोटा.

‘आणि १०,९०५ च्या वर?’ मी विचारलं.

‘त्याच्या वर तोटा. पण आत्ता वर जाण्यासारखं आहे काय?’

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एका कॉन्ट्रॅक्ट नोटच्या पाठीवर याचं चित्र काढलं. आडव्या रेघेवर निफ्टी, उभ्या रेघेवर नफा-तोटा. डावीकडून एक सपाट रेघ येते, १०,७०० पाशी वाकते आणि तिथून पत्र्याच्या पडवीसारखी उजवीकडे उतरत जाते. १०,९०५ पाशी ती शून्याची रेघ ओलांडते आणि उतरतच राहते. कव्हर्ड कॉलचं चित्र याच्या उलट, म्हणजे डावीकडून चढत येणारी रेघ आणि वर सपाट छप्पर. कागद उजेडासमोर धरून मागून पाहिला तर एकातून दुसरं दिसतं. काका म्हणाले ते खरंच होतं.

आमच्या शाखेत अण्णा नावाने सगळे ज्यांना हाक मारत असे एक वयस्कर गृहस्थ रोज बसायला यायचे. तरुणपणी ते मुंबईच्या रिंगमध्ये जॉबर होते, बदल्याच्या काळातले. जुन्या वायदेबाजारात कॉलला ‘तेजी’ आणि पुटला ‘मंदी’ म्हणत, ती भाषा त्यांच्या तोंडात अजून होती. त्यांनी माझ्या चित्राकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, ‘हे तर तेजी विकल्याचं चित्र आहे.’

मला आधी वाटलं, त्यांची गल्लत झाली. पुट विकलाय, म्हणजे मंदी विकलीय. मग मी आकडे मांडून पाहिले. १०,७०० चा कॉल नुसताच, काही हाताशी न ठेवता विकला असता तर? फ्युचर १०,८६० ला असताना १०,७०० चा पुट ४५ ला असेल, तर त्याच भावाचा कॉल ४५ अधिक १६०, म्हणजे २०५ च्या आसपास असतो. त्याहून फार वेगळा असला तर फरक खाणारी मंडळी मिनिटभरात तो मिटवतात. तो कॉल २०५ ला विकला तर जास्तीत जास्त नफा २०५, ना नफा ना तोटा १०,९०५ ला, आणि त्यावर तोटा जितकी निफ्टी चढेल तितका. तीच रेघ, तेच वळण, तोच उतार. काकांनी दोन सौदे करून जे बांधलं होतं ते एका सौद्यात मिळत होतं आणि त्या एका सौद्याचं नाव होतं नेकेड कॉल.

नेकेड कॉल विकायला सांगितलं असतं तर काका माझ्यावर ओरडले असते. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं की उघडा कॉल कधीच विकायचा नाही. नाव बदललं आणि तीच गोष्ट सुरक्षित वाटू लागली. पुट झाकलेला होता यात खोटं काही नाही. पण या सौद्यात भीती पुटची नव्हतीच. भीती विकलेल्या फ्युचरची होती आणि त्यावर ४५ रुपयांच्या ओढणीपलीकडे काही पांघरूण नव्हतं.

मुंबईच्या रिस्क विभागातल्या एका दादाला मी हे त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. तो हसला. म्हणाला, ‘स्पॅनला नावं वाचता येत नाहीत.’ मार्जिन काढणारी ती पद्धत भाव आणि चढउताराच्या १६ कल्पित परिस्थिती घेते आणि सर्वांत वाईट तोटा कुठल्या परिस्थितीत होतो ते पाहते. आमच्या पोझिशनचा सर्वांत वाईट तोटा भाव वर जाण्याच्या परिस्थितीत होता आणि तिथे पुट जवळजवळ निरुपयोगी. म्हणून एखाद्या खऱ्याखुऱ्या हेजला मार्जिनात जी घसघशीत सूट मिळते, ती इथे मिळत नव्हती. हे मी पुढे खूण म्हणून वापरू लागले. क्लायंट म्हणतो झाकलेलं आहे आणि मार्जिन मात्र उघड्याएवढं लागतंय, तर यंत्राचं ऐकायचं.

१९ तारखेला बाजार काकांच्या मनासारखा वागला. निफ्टी १०,७०४ वर बंद झाली, फ्युचर १०,७१५ ला. काकांच्या फ्युचरमध्ये १४५ अंक आले. त्यांनी आनंदाने फोन केला आणि मी दाखवलेला आकडा ऐकून विचारलं, ‘एवढाच?’ कारण ४५ ला विकलेला पुट ९२ वर गेला होता. १४५ मधून ४७ वजा जाऊन ९८ अंक, दीडशे नगांवर १४,७००. त्यांच्या वहीतल्या हिशेबाप्रमाणे फ्युचर या पातळीला असताना १९० अंक मिळायला हवे होते.

वहीतला हिशेब एक्स्पायरीच्या दिवसाचा होता आणि एक्स्पायरीला अजून एक आठवडा होता. पुटमध्ये आठवड्याची किंमत शिल्लक होती. शिवाय बाजार पडतो तेव्हा लोक घाबरून पुट घ्यायला धावतात आणि पुटचा भाव नुसत्या पडझडीपेक्षा जास्त फुगतो. आरशाला इथे पहिला तडा जातो. कव्हर्ड कॉलवाल्याच्या मनासारखं होतं तेव्हा बाजार चढत असतो, चढत्या बाजारात भीती ओसरते आणि विकलेला कॉल त्या मानाने स्वस्त राहतो. कव्हर्ड पुटवाल्याच्या मनासारखं होतं तेव्हा बाजार पडत असतो, भीती वाढते आणि विकलेला पुट महाग होत जातो. म्हणजे दिशा बरोबर असूनही मधल्या दिवसांत नफा हातात येत नाही. या भीतीची भरपाई आधीच मिळालेली असते, हेही खरं. त्या १८ तारखेला फ्युचरपासून १६० अंक खालचा पुट ४५ ला होता आणि १४० अंक वरचा, म्हणजे जवळचा, ११,००० चा कॉल ३८ ला. दूर असूनही पुट महाग. काकांना कॉलपेक्षा पुटमध्ये जास्त पैसे दिसले होते ते यामुळेच. ते त्यांना फुकटचे वाटले होते.

शुक्रवार, २० सप्टेंबर. वस्तू व सेवा कर परिषदेची बैठक त्या दिवशी गोव्यात, पणजीला होती. बिस्किटांवरचा कर कमी होईल का, गाड्यांवरचा होईल का, एवढीच चर्चा आमच्या शाखेत होती. बैठकीआधी अर्थमंत्री निर्मला सीतारामन पत्रकारांसमोर आल्या. टीव्हीचा आवाज बंद होता. मी खालची पट्टी वाचली तेव्हा टर्मिनलवरचे आकडे आधीच निळे होऊन पळायला लागले होते. कंपन्यांवरचा प्राप्तिकर ३० वरून २२ टक्क्यांवर, सवलती न घेणाऱ्यांसाठी; नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के. कुणीतरी ओरडलं, आवाज वाढवा. आवाज वाढवेपर्यंत निफ्टीने १०,९०५ कधी ओलांडली ते मला सांगता येणार नाही. काकांची उशी जिथे संपत होती त्या आकड्यावर ती थांबलीच नाही.

मी काकांना फोन लावला. ते बँकेत रांगेत होते. ‘काका, कट करायचं का?’ मी विचारलं. तेव्हा फ्युचर अकरा हजारांच्या खालीच होतं. ते म्हणाले, ‘अगं, अशी उसळी टिकत नाही. वाट बघू.’

हाच तो शब्द. दोन वर्षं वाट पाहण्याने त्यांना वाचवलं होतं. शेअर पडले तरी शेअर घरात होते, कुणी दारात येऊन फरक मागत नव्हतं. विकलेल्या फ्युचरचं तसं नसतं. त्याचा तोटा दररोज संध्याकाळी रोख वसूल होतो. पुटमध्ये झालेला फायदा फार तर ४५ रुपयांचा आणि तो तर आधीच जमा होऊन मोजला गेलेला. आरशाचा मोठा तडा इथे आहे, असं मला वाटतं. पुस्तकात लिहितात की खाली जाणाऱ्या भावाला शून्याची जमीन आहे आणि वर जाणाऱ्याला छत नाही, म्हणून एकाचा तोटा मर्यादित आणि दुसऱ्याचा अमर्याद. ते बरोबरच आहे, पण निफ्टी शून्याला जात नाही आणि अनंतालाही जात नाही. डीलरच्या खुर्चीवरून दिसणारा फरक वेगळा आहे. घेतलेला माल पडत जातो तेव्हा तो लहान होत जातो. दहा टक्के पडल्यावरचे पुढचे दहा टक्के आधीपेक्षा कमी रुपयांचे असतात. विकलेला माल चढत जातो तेव्हा चूक मोठी होत जाते, मार्जिनही वाढत जातं, आणि खिसा मात्र त्याच वेळी रिकामा होत असतो. चुकलेल्या तेजीवाल्याला गुंतवणूकदार व्हायची सोय आहे. चुकलेल्या मंदीवाल्याला ती नाही.

त्या दिवशी निफ्टी ५६९ अंक चढून ११,२७४ वर बंद झाली. फ्युचर ११,२९० ला. काकांच्या फ्युचरमध्ये ४३० अंकांचा, म्हणजे ६४,५०० चा तोटा. पुट ९२ वरून ४ वर आला होता. ४५ ला विकलेला असल्याने ४१ अंक, ६,१५० रुपये मिळालेले. एकूण ५८,३५० चा तोटा. आदल्या संध्याकाळी १४,७०० नफ्यात असलेली वही एका दिवसात ७३ हजारांनी फिरली होती. संध्याकाळी मला मार्जिनचा फोन करावा लागला. गोड आवाज नीट निघत नव्हता.

शनिवार-रविवार गेला. सोमवारी निफ्टी आणखी वर उघडली. काकांनी सकाळीच ११,५५० ला फ्युचर घेऊन टाकलं, पुट दोन रुपयांना. फ्युचरमध्ये ६९० अंक गेले, पुटमध्ये ४३ आले. ९७,०५० रुपये, शिवाय दलाली आणि कर. जास्तीत जास्त ३०,७५० मिळवण्यासाठी लावलेल्या सौद्यात. त्या दिवशी निफ्टी ११,६०० ला बंद झाली, म्हणजे ते वेळेवर सुटले असंच म्हणायचं.

आठवड्याभराने ते शाखेत आले. रागावले नव्हते. वही उघडून म्हणाले, ‘वरच्या बाजूला काही लावता आलं असतं का, ते सांग.’ मी त्यांना त्या १८ तारखेचाच ११,००० चा कॉल दाखवला, ३८ रुपयांचा. तो घेऊन ठेवला असता तर ११,००० च्या वर तोटा थांबला असता. १४० अंक फ्युचरचे, अधिक ३८ कॉलचे, वजा ४५ पुटचे. १३३ अंक, १९,९५० रुपये. निफ्टी कुठेही गेली तरी तेवढेच. काका पेन्सिल घेऊन नफ्याच्या बाजूला वळले. २०५ मधून ३८ गेले, १६७ राहिले. मग ४५ मधून ३८ वजा केले, ७ आले. त्या सातच्या आकड्याखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली. ‘म्हणजे पुट विकून काही मिळतच नव्हतं,’ ते म्हणाले. मिळत होतं. वरची बाजू उघडी ठेवण्याचं भाडं मिळत होतं. ती बाजू बंद केली की भाडंही जवळजवळ बंद झालं आणि उरला तो बेअर कॉल स्प्रेड. त्यात गैर काही नाही. ज्याला खरंच मंदी वाटते त्याने तो करावा. फक्त मग त्याला कव्हर्ड पुट म्हणत नाहीत.

कव्हर्ड पुट कुणीच करू नये असं मला म्हणायचं नाही. आमच्याकडे एक तरुण मुलगा होता, तो आधी फ्युचर शॉर्ट करायचा आणि ते पडून नफ्यात आल्यावर, जिथे त्याला परत घ्यायचंच होतं त्या भावाचा पुट विकायचा. त्याच्यासाठी पुट ही खरेदीची आगाऊ ऑर्डर होती, वर प्रीमियम. वरच्या बाजूला त्याची स्टॉपची ऑर्डर सिस्टीममध्ये पडलेली असे, आणि सरकारी घोषणा, रिझर्व्ह बँकेचं धोरण किंवा निकालाच्या तारखेला तो पोझिशन ठेवायचा नाही, कारण बाजार उडी मारून उघडला तर स्टॉप भलत्याच भावाला लागतो. २० तारखेची घोषणा मात्र कुठल्याच कॅलेंडरमध्ये नव्हती. त्याची पोझिशन त्या दिवशी नव्हती, हा योग.

दुसरा एक घोटाळा मी अनेकदा पाहिला, तो शब्दातूनच होतो. आपल्या बाजारात ‘कव्हर केलं’ म्हणजे विकलेलं परत घेतलं. एका क्लायंटने एका कंपनीचं फ्युचर ४२० ला विकून ४०० चा पुट ९ रुपयांना विकला होता, लॉट १,५०० चा. शेअर ३८५ ला आल्यावर त्याने फ्युचर घेऊन ३५ रुपये नफा बांधला आणि मला म्हणाला, ‘कव्हर केलं, मोकळा झालो.’ फ्युचर कव्हर झालं त्या क्षणी पुट उघडा पडला होता, तोही पडत्या शेअरचा. मी सांगितलं, त्याने ‘बघू’ म्हटलं. एक्स्पायरीला शेअर ३७२ ला सेटल झाला. शेअरच्या सौद्यांना ऑक्टोबर २०१९ पासून सर्वत्र प्रत्यक्ष माल द्यावा-घ्यावा लागतो, तेव्हा त्याला १,५०० शेअर ४०० ला घ्यावे लागले. सहा लाख रुपये. मंदी करायला निघालेला माणूस महिनाअखेरीला शेअर सांभाळत बसला.

दोन्ही बाजू शेवटपर्यंत ठेवल्या असत्या तर फ्युचरमुळे द्यायचा माल आणि पुटमुळे घ्यायचा माल परस्पर वळता झाला असता, ठरलेले २९ रुपये मिळाले असते आणि एक शेअरही इकडचा तिकडे झाला नसता. मोडायचंच असेल तर आधी पुट घ्यावा किंवा दोन्ही एकदम. आणि दोन्ही एकाच महिन्याचे असावेत. फ्युचर पुढच्या महिन्यात ढकललं आणि पुट या महिन्याचा राहिला, तरी तीच गत होते.

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत आहे. तिकडे शेअर खरोखर उसना घेऊन विकता येतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे त्यावर उसनवारीचं व्याज, कंपनीने लाभांश दिला तर तो पदरचा, आणि पुट घेणारा मुदतीआधीच अंगावर टाकू शकतो. आपल्याकडचे शेअरचे ऑप्शन २०११ पासून युरोपियन धर्तीचे, मुदतीलाच सुटणारे, तेवढी एक कटकट कमी. अण्णांना मी हे सांगितलं तर त्यांना उंधा बदला आठवला. एरवी बदल्यात तेजीवाला व्याज भरायचा आणि मंदीवाल्याला ते मिळायचं. पण विकणारे फार झाले आणि माल मिळेना, की मंदीवाल्यालाच पैसे मोजावे लागत.

काका पुन्हा कव्हर्ड कॉलकडे वळले. मार्च २०२० आला. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २३ ला, सोमवारी, बाजार उघडल्यावर तासाभरात खालचं सर्किट लागून पाऊण तास बंद पडला. मी घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले होते. निफ्टी त्या दिवशी १,१३५ अंक पडून ७,६१० वर बंद झाली. साडेतीननंतर काकांचा फोन आला. शेअर्सचं त्यांनी काही विचारलं नाही.

‘आज ती आपली पोझिशन असती तर? कव्हर्ड पुट?’

‘तर २०५ अंक, काका.’

‘अगं, अकराशे पडलीय.’

‘हो. पण १६० आणि ४५. त्याच्या खाली सगळं पुटवाल्याचं.’

पलीकडून पेन्सिलीचा आवाज आला. बराच वेळ ते काहीतरी लिहीत होते. मग म्हणाले, ‘एप्रिलचे कॉल काय भावाने आहेत ते सांग.’